एफआयडी की क्लिप स्कोअर? इमेज जनरेटर निवडताना कोणता आकडा कशासाठी बघायचा

समजा, पुण्यातल्या एका छोट्या डिझाइन स्टुडिओला गणेशोत्सवाच्या जाहिरातींसाठी दोन इमेज जनरेटरपैकी एक निवडायचा आहे. पहिला म्हणतो, आमचा एफआयडी कमी. दुसरा म्हणतो, आमचा क्लिप स्कोअर जास्त. दोघंही खरं बोलत असतील, तरी निवड करणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही, कारण हे आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात: एफआयडी बनवलेली चित्रं एकूणात खऱ्या फोटोंच्या किती जवळ आहेत ते, तर क्लिप स्कोअर चित्र प्रॉम्प्टशी, म्हणजे ते मागणाऱ्या वाक्याशी, किती जुळतं ते.

एफआयडी 2017 साली आला. त्यात इन्सेप्शन-व्ही3 हे इमेजनेट या वर्गवार फोटोंच्या संग्रहावर शिकवलेलं जुनं नेटवर्क प्रत्येक चित्राचे 2048 आकडे करतं. खऱ्या फोटोंचा एक गठ्ठा, बनवलेल्या चित्रांचा दुसरा. दोन्ही गठ्ठ्यांची सरासरी आणि पसरण काढायची आणि त्यांच्यातलं अंतर मोजायचं. अंतर कमी तितकं चांगलं. म्हणजे एकट्या चित्राला एफआयडी नसतोच, तो गठ्ठ्याला असतो.

क्लिप स्कोअरचं उलट आहे. 2021 मध्ये ओपनएआयने आणलेलं क्लिप मॉडेल चित्र आणि वाक्य एकाच अवकाशात बसवतं आणि त्यांच्यातल्या कोनावरून साम्य सांगतं. इथे गुण प्रत्येक चित्राला वेगळा मिळतो, जास्त तितका चांगला. एक गोष्ट मात्र आधी तपासा. कुणी सरळ साम्य छापतं, कुणी त्याला 2.5 ने गुणून छापतं. 0.31 आणि 0.775 हे एकाच निकालाचे दोन वेश असू शकतात.

फरक डोळ्यांनी बघायचा तर एक उलटसुलट प्रयोग करा. शंभर प्रॉम्प्ट घ्या, प्रत्येकाची पाच चित्रं काढा आणि मग चित्रांची अदलाबदल करा: ‘शनिवारवाड्यासमोर ढोल वाजवणारी मुलगी’ मागितली तिथे मिसळीची थाळी ठेवा. एफआयडी तसूभरही हलणार नाही, कारण प्रॉम्प्ट त्याच्या हिशेबात कुठेच नाही. क्लिप स्कोअर धाडकन खाली येईल. आता दुसरी बाजू. प्रत्येक प्रॉम्प्टला एकच चांगलं चित्र काढून तेच पाचदा ठेवा. क्लिप खूशच राहील, वैविध्य त्याला दिसत नाही. आणि एखाद्या मॉडेलने तुमचे संदर्भाचे फोटोच जसेच्या तसे परत दिले, तर एफआयडी शून्याला टेकेल. नक्कल पकडणं त्याचं काम नाही.

छोट्या स्टुडिओसाठी एफआयडीची खरी अडचण संख्येची आहे. शोधनिबंधांत तो सहसा तीस ते पन्नास हजार चित्रांवर काढतात. तुमच्याकडे पाचशे आहेत. 2048 मितींतली पसरण पाचशे नमुन्यांवरून पूर्ण ठरूच शकत नाही, जास्तीत जास्त 499 दिशांचीच माहिती मिळते. चित्रं कमी असली की आकडा फुगतो, आणि किती फुगेल हे मॉडेलगणिक वेगळं असतं, म्हणून ‘दोघांनाही सारखाच तोटा’ असंही म्हणता येत नाही. आपला आकडा किती डळमळीत आहे हे कळायला सोपी युक्ती आहे: खऱ्या फोटोंचेच दोन फोल्डर करा आणि एकमेकांशी ताडून बघा, मग त्यातला एक मॉडेलच्या चित्रांशी.

```python
from cleanfid import fid
print(fid.compute_fid("khare_1", "khare_2"))
print(fid.compute_fid("khare_1", "model_a"))
```

पहिला आकडा आदर्श जगात शून्य यायला हवा. शे-दोनशे फोटोंवर तो चांगलाच मोठा येतो. दोन मॉडेलमधला फरक या आकड्यापुढे किरकोळ असेल, तर त्या फरकावर निर्णय टेकवू नका. शिवाय फोटो लहान करण्याची पद्धत किंवा जेपीईजीची गुणवत्ता बदलली तरी एफआयडी बदलतो. एका मॉडेलची पीएनजी आणि दुसऱ्याची जेपीईजी चित्रं मोजलीत तर तुलना तिथेच बिघडली.

त्याहून खोल दोष इन्सेप्शनच्या नजरेत आहे. इमेजनेटच्या हजार वर्गांत ‘माणसाचा चेहरा’ हा वर्गच नाही. चेहऱ्यांच्या चित्रांवर एफआयडी नेमका कुठे बघतो हे तपासणाऱ्या संशोधकांना आढळलं की त्याचं लक्ष चेहऱ्यापेक्षा बो-टाय, सीटबेल्ट अशा वस्तूंकडे जातं. मग पुणेरी पगडीचा घाट चुकला की नऊवारीचा काष्टा गायब झाला, याची त्याला काय फिकीर? 2023 मध्ये एसडीएक्सएल या इमेज जनरेटरच्या निर्मात्यांनीच नोंदवलं की त्यांच्या या नव्या मॉडेलचा एफआयडी जुन्या स्टेबल डिफ्यूजन 1.5 पेक्षा वाईट आला, पण लोकांना चित्रं नव्याचीच आवडली.

मग क्लिप तरी भरवशाचं? ढोबळ चाळणी म्हणून हो. मागितलेली वस्तू चित्रात आहे की नाही, हे ते बऱ्यापैकी ओळखतं. पण शब्दांमधलं नातं त्याच्या हातून निसटतं. ‘मुलगी ढोल वाजवते आहे आणि मुलगा झांज’ हे वाक्य आणि वाद्यांची अदलाबदल केलेलं वाक्य, दोन्हींचे गुण बहुतेक वेळा जवळपास सारखे येतात. पाच वादक मागितले आणि सात आले, तरी तेच. याची परीक्षा स्वतः घेता येते: एकाच चित्राला बरोबर वाक्य आणि एकच गोष्ट उलटी केलेलं वाक्य देऊन बघा. गुणांत फरक पडत नसेल, तर त्या बाबतीत क्लिपचा शब्द धरू नका.

बारकाव्यांचंही तसंच. क्लिपचं नेहमीचं रूप चित्र 224 बाय 224 पिक्सेलला आणून बघतं. 1024 पिक्सेलच्या चित्रात 40 पिक्सेल रुंद बोट असेल, तर क्लिपपुढे त्याचे नऊही उरत नाहीत. टिपरू धरलेल्या हाताला सहा बोटं आली तरी गुण कापले जाणार नाहीत. मराठी प्रॉम्प्ट तर मूळ क्लिपला थेट देऊच नका. ते मुख्यतः इंग्रजीवर शिकलं आहे, देवनागरीचे बारीक बारीक तुकडे करतं आणि 77 तुकड्यांची, म्हणजे टोकनची, मर्यादा लवकर संपते. बॅनरवरचं ‘मोरया’ शुद्ध उमटलं का, हेही त्याला विचारून उपयोग नाही.

जाहिरातीतले आकडे ताडताना गायडन्सचं सेटिंगही विचारा. गायडन्स वाढवला की मॉडेल प्रॉम्प्टला घट्ट धरून राहतं. क्लिप स्कोअर चढतो, पण वैविध्य आटतं आणि एका मर्यादेनंतर एफआयडी बिघडतो. त्यामुळे एकच मॉडेल सेटिंग बदलून दोन्ही स्पर्धा वेगवेगळ्या दिवशी जिंकू शकतं. तीन-चार सेटिंगवर दोन्ही आकडे काढून रेषा ताडल्या, तरच तुलनेला अर्थ.

तुमच्या स्टुडिओच्या जागी मी असतो तर एफआयडी सोडून दिला असता. एकच मॉडेल दोनदा शिकवून कोणती आवृत्ती ठेवायची, असा प्रश्न असेल आणि हजारो चित्रं हाताशी असतील, तेव्हा तो कामाचा. क्लिप स्कोअर फक्त साफ भरकटलेली चित्रं बाजूला काढायला वापरला असता. उरलेला निर्णय माणसांवर सोपवायचा: तुमच्या खऱ्या कामातले साठ प्रॉम्प्ट, दोन्ही मॉडेलचं पहिलंच आलेलं चित्र, निवडून काढलेलं नाही. नावं झाकायची, डावी-उजवी बाजू चिठ्ठी टाकून ठरवायची. बघणाऱ्यांत ढोल-ताशा पथकात वाजवलेलं कुणीतरी असावं, कारण ढोल कमरेला चुकीचा बांधलेला असेल तर ते बाकीच्यांना खटकणार नाही. प्रत्येक जोडीचा बहुमताने एक निकाल धरला आणि 33 विरुद्ध 27 असा कौल आला, तर तो नाणेफेकीतही सहज येतो, तेव्हा स्वस्त मॉडेल घ्या. 40 विरुद्ध 20 आला तर फरक खरा मानायला हरकत नाही, फक्त हरलेले वीस प्रॉम्प्ट कोणत्या प्रकारचे आहेत ते एकदा बघा. ते सगळे देवनागरी अक्षरांचे निघाले आणि तुमचं निम्मं काम बॅनरचं असेल, तर निकाल फिरतो.