व्हॅलेच्या चिठ्ठीवरचं ‘ओनर्स रिस्क’ आणि पोर्चमध्येच हातातून जाणारा पुरावा

लग्नाचा हॉल, मोठं हॉटेल किंवा मॉल, व्हॅले पार्किंगमधल्या फसवणुकीची पद्धत सगळीकडे सारखीच असते. तुम्ही पोर्चमध्ये उतरता, व्हॅलेचा मुलगा गाडी लावायला किल्ली घेतो, अर्धी चिठ्ठी तुमच्या हातात देतो. तीन तासांनी गाडी परत येते. अंधार असतो, मागे चार गाड्या हॉर्न वाजवत असतात, घरच्यांना बसायची घाई असते. चिठ्ठी परत घेतली जाते, कधी एका वहीत सही मागितली जाते. सकाळी सोसायटीत गाडी पाहिली की मागचा डावा दरवाजा चेपलेला दिसतो. फोन केला की उत्तर तयार असतं: डेंट आधीचाच होता, आणि चिठ्ठीवर लिहिलंच आहे, ‘पार्किंग अ‍ॅट ओनर्स रिस्क’.

या उत्तरातला दुसरा भाग कायद्यापुढे टिकत नाही. पहिला मात्र टिकू शकतो, आणि तो टिकण्याची सोय बहुतेक वेळा आपणच करून देतो.

किल्ली दिली म्हणजे गाडीचा ताबा दिला. ठरावीक कामासाठी वस्तू ताब्यात द्यायची आणि काम झालं की ती परत मिळायची, याला भारतीय करार कायदा, 1872 मध्ये बेलमेंट म्हणतात. वस्तू घेणारा तो बेली. कलम 151 प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच गाडीची जेवढी काळजी घेईल, तेवढी बेलीने घ्यायलाच हवी. तुम्ही स्वतः गाडी लावून किल्ली खिशात ठेवलीत तर गोष्ट वेगळी. तिथे ताबा दिला असं सहज म्हणता येत नाही आणि बाजू बरीच कमकुवत होते.

सर्वोच्च न्यायालयाने 14 नोव्हेंबर 2019 रोजी ‘ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स’ या खटल्यात हे स्पष्ट केलं. ऑगस्ट 1998 मध्ये दिल्लीच्या या हॉटेलात एका पाहुण्याने मारुती झेनची किल्ली व्हॅलेला दिली. काही तरुण आपली गाडी मागायला आले, तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाने डेस्कवरची या झेनची किल्ली उचलली आणि गाडी पळवली. विमा कंपनीने मालकाला 2,80,000 रुपये दिले आणि नंतर वसुलीसाठी हॉटेलविरुद्ध तक्रार केली. जबाबदारी मालकाची, असं चिठ्ठीवर छापलेलं होतंच. न्यायालयाने सांगितलं, की स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेल असा मजकूर छापून झटकू शकत नाही. गाडी जशी दिली तशी परत आली नाही, तर आपण योग्य काळजी घेतली होती हे हॉटेलनेच सिद्ध करायचं. ‘व्हॅले फुकट होता’ ही पळवाटही उरली नाही, कारण त्याचा मोबदला खोलीच्या आणि जेवणाच्या दरात धरलेला असतो. म्हणून त्या रात्रीचं बिल जपून ठेवा.

याला मर्यादाही आहे. हॉटेल म्हणजे विमा कंपनी नव्हे. काळजी घेऊनही नुकसान झालं हे त्यांनी दाखवलं, तर कलम 152 त्यांना वाचवतं.

पण हा पुराव्याचा बोजा त्यांच्याकडे जाण्याआधी एक गोष्ट आपल्याला दाखवावी लागते: गाडी देताना धड होती. खरी फसवणूक इथेच होते. पुष्कळ चिठ्ठ्यांवर गाडीचं चित्र असतं, आधीचे ओरखडे त्यावर खुणेने दाखवायचे असतात. तुमच्यासमोर ते कोरं राहतं. तक्रार आली की त्यांच्याकडच्या अर्ध्या भागावर डाव्या दरवाजापाशी फुली उगवते. तुमचा अर्धा भाग तर गाडी घेताना परत गेलेला असतो. यावर उपाय एकच: किल्ली देण्याआधी चिठ्ठीचे दोन्ही भाग शेजारी धरून फोटो घ्या, आणि पोर्चच्या उजेडात गाडीभोवती एक फेरी मारून व्हिडिओ करा. त्यात नंबरप्लेट, चारही कोपरे आणि शेवटी मीटरवरचे किलोमीटर यायला हवेत. एक मिनिटाचं काम आहे.

गाडी परत आल्यावर बसण्याआधी टॉर्च लावून पाहा, टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. समोरून न दिसणारा चेप तिरक्या उजेडात लगेच दिसतो. ताज्या ओरखड्यात पत्रा चकचकीत असतो, जुन्यात धूळ आणि वॅक्स बसलेलं असतं, पत्र्यावर गंजही चढलेला असतो. बंपर प्लॅस्टिकचा, त्यामुळे तिथे गंज शोधू नका. बेसमेंटच्या खांबाला घासलेल्या गाडीवर खांबाचा पिवळा-काळा रंग किंवा सिमेंटची पांढरी भुकटी राहते. ती पुसू नका, आधी जवळून फोटो घ्या. जमलं तर तो खांबही शोधा. तुमच्या गाडीचा रंग त्याच उंचीवर त्याला लागलेला मिळाला, तर ‘आधीचा डेंट’ तिथेच संपतो.

वहीत सही मागितली तर नुकसानाचं एक वाक्य लिहून मगच सही करा. ड्युटी मॅनेजरला त्याच रात्री ईमेल पाठवा: गाडीचा नंबर, दिल्याची आणि घेतल्याची वेळ, काय मोडलं, आणि पोर्च, रॅम्प व बेसमेंटचं त्या वेळेतलं सीसीटीव्ही चित्रण त्यांनी जपून ठेवावं अशी मागणी. रेकॉर्डिंग काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुसलं जातं, तोंडी मागणीला अर्थ उरत नाही. ‘मुलं ठेकेदाराची आहेत’ असं सांगितलं, तर ठेकेदाराचं नाव लेखी मागा आणि दोघांनाही नोटीस द्या.

यानंतर एक गोड सल्ला येतो: ‘इन्शुरन्समधून करून घ्या ना.’ याचा हिशेब मांडून बघा. समजा दुरुस्तीचं अंदाजपत्रक 18,000 रुपये आहे, ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानाच्या विम्याचा, मूळ हप्ता 12,000 आणि क्लेम न केल्याबद्दल तुम्हाला त्यावर 50 टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस मिळतो. क्लेम केलात की बोनस शून्यावर येतो आणि मग दर वर्षी 20, 25, 35, 45 टक्के असा चढतो. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं, तर पाच वर्षांत 6,000, 3,600, 3,000, 1,800 आणि 600, म्हणजे 15,000 रुपये जास्त जातात. लहान इंजिनाच्या गाडीला सक्तीची 1,000 रुपयांची कपात वेगळी, झिरो डेप नसेल तर घसाराही वेगळा. म्हणजे त्यांनी ठोकलेली गाडी जवळजवळ तुमच्याच पैशाने दुरुस्त होते. बोनस प्रोटेक्शन घेतलं असेल किंवा नुकसान मोठं असेल तर मात्र क्लेम जरूर करा. पण अशा वेळी हॉटेलकडून दोन-तीन हजार घेऊन ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहून देऊ नका. त्याने विमा कंपनीचा वसुलीचा हक्क बुडतो आणि तुमचा क्लेमही अडचणीत येतो.

गॅरेजलाही कलम 151 तसंच लागू होतं. तिथे मीटरचा फोटो जास्त कामाचा. दुरुस्तीला दिलेली गाडी कोणी स्वतःच्या कामाला फिरवली आणि ठोकली, तर कलम 154 प्रमाणे चूक नसली तरी भरपाई द्यावी लागते. टेस्ट ड्राइव्हला चार-पाच किलोमीटर समजू शकतो, साठ नाही. केलेल्या कामाचं बिल थकलं तर कलम 170 प्रमाणे गॅरेज गाडी अडवून धरू शकतं, म्हणून बिल भरा आणि त्यावरच ‘नुकसानाबाबत हक्क राखून’ असं लिहा.

नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तोवर गाडी दुरुस्त करायची झाली तर अधिकृत वर्कशॉपचं लेखी अंदाजपत्रक आणि उजेडातले फोटो आधी घ्या, आणि बदललेला दरवाजा किंवा बंपर भंगारात जाऊ देऊ नका.