विभागाचा बजेट-प्रत्यक्ष अहवाल: तुलना मूळ बजेटशी करावी की लवचिक बजेटशी?

महिना संपला की प्रत्येक विभागप्रमुखाच्या हाती एक तक्ता पडतो. एका रकान्यात बजेट, शेजारी प्रत्यक्ष खर्च, मग तफावत, तफावतीची टक्केवारी आणि शेवटी शेरा: अनुकूल किंवा प्रतिकूल. तक्त्याचा साचा सगळीकडे जवळपास सारखाच असतो. खरा प्रश्न वेगळा आहे. बजेटच्या रकान्यात कोणता आकडा ठेवायचा? वर्षाच्या सुरुवातीला मंजूर झालेला, की त्या महिन्यात झालेल्या कामाच्या प्रमाणात पुन्हा मांडलेला? पहिल्याला स्थिर किंवा मूळ बजेट म्हणतात, दुसऱ्याला लवचिक बजेट. या एका निवडीने तोच विभाग उधळ्या ठरू शकतो किंवा काटकसरी.

एका कारखान्याचा पॅकिंग विभाग उदाहरणादाखल घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे धरले आहेत. ऑक्टोबरसाठी ४०,००० खोकी भरण्याचा अंदाज होता. दिवाळीच्या मागणीमुळे प्रत्यक्षात ४६,००० भरली गेली. बजेट करताना साहित्य खोक्यामागे १२ रुपये, कंत्राटी मजुरी ५ रुपये, आणि वीज महिन्याला ठरावीक २०,००० अधिक खोक्यामागे १ रुपया धरली होती. पर्यवेक्षकांचे पगार आणि यंत्रदुरुस्ती खोक्यांच्या संख्येवर अवलंबून नाहीत.

| बाब | मूळ बजेट | लवचिक बजेट | प्रत्यक्ष | मूळ बजेटशी तफावत | लवचिक बजेटशी तफावत |
|---|---|---|---|---|---|
| साहित्य | ४,८०,००० | ५,५२,००० | ५,४२,८०० | ६२,८०० प्रतिकूल (१३.१%) | ९,२०० अनुकूल (१.७%) |
| कंत्राटी मजुरी | २,००,००० | २,३०,००० | २,४६,१०० | ४६,१०० प्रतिकूल (२३.१%) | १६,१०० प्रतिकूल (७.०%) |
| पर्यवेक्षक पगार | १,५०,००० | १,५०,००० | १,५०,००० | – | – |
| यंत्रदुरुस्ती | ४०,००० | ४०,००० | १४,००० | २६,००० अनुकूल (६५%) | २६,००० अनुकूल (६५%) |
| वीज | ६०,००० | ६६,००० | ६७,५०० | ७,५०० प्रतिकूल (१२.५%) | १,५०० प्रतिकूल (२.३%) |
| एकूण | ९,३०,००० | १०,३८,००० | १०,२०,४०० | ९०,४०० प्रतिकूल (९.७%) | १७,६०० अनुकूल (१.७%) |

मूळ बजेटच्या बाजूने पाहिले तर विभागाने जवळपास दहा टक्के जास्त खर्च केला आणि सर्वांत मोठी रक्कम साहित्यावर गेली. बैठकीत पहिला प्रश्न साहित्याचाच येणार. पण साहित्याचा खर्च खोक्यामागे ११ रुपये ८० पैसे पडला आहे, म्हणजे ठरल्यापेक्षा वीस पैसे कमी. जिथे चांगले काम झाले तिथेच जाब विचारला जाईल, हा मूळ बजेटच्या अहवालाचा मला सर्वांत मोठा दोष वाटतो. निव्वळ जास्तीच्या ६,००० खोक्यांचेच १,०८,००० रुपये होतात (खोक्यामागे बदलता खर्च १८ रुपये), आणि ते वगळले की ९०,४०० प्रतिकूलचे १७,६०० अनुकूल होतात. ती खोकी भरायला सांगितले विक्री विभागाने, पॅकिंगच्या माणसाने नव्हे.

लवचिक बाजू पाहिली की नजर आपोआप मजुरीवर जाते, आणि तिथे खरेच काहीतरी आहे. बजेट करताना तासाला १६ खोकी आणि तासाला ८० रुपये असे गृहीत होते. ४६,००० खोक्यांना २,८७५ तास लागायला हवेत. हजेरीपत्रकातही तेवढेच तास निघाले, म्हणजे माणसांचा वेग ठरल्याप्रमाणेच होता. मात्र तासाचा सरासरी दर ८५ रुपये ६० पैसे पडला, कारण सुमारे २०० तास ओव्हरटाइमचे होते आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा लागतो. जादा ८० रुपये गुणिले सुमारे २०० तास, की १६,१०० चा हिशेब लागतो. आता विचारण्यासारखा प्रश्न मिळाला: दिवाळीची मागणी सप्टेंबरमध्येच कळली असती तर कंत्राटदाराकडून जादा माणसे साध्या दराने घेता आली असती का? मूळ बजेटच्या अहवालात मजुरीपुढे २३.१ टक्के दिसत होते, पण त्यातले किती जादा कामाचे आणि किती जादा दराचे हे त्या आकड्यावरून कळत नव्हते.

एवढे असूनही लवचिक बजेट सगळीकडे लावू नये. त्याचा पाया म्हणजे स्थिर आणि बदलत्या खर्चाची प्रामाणिक विभागणी, आणि ती करणे कष्टाचे काम आहे. विजेचे ठरावीक २०,००० कुठून आले? मागच्या बारा महिन्यांची बिले आणि त्या त्या महिन्यांतली खोकी शेजारी मांडूनच तो आकडा काढावा लागतो. शिवाय काही खर्च पायरीपायरीने वाढतात. ५०,००० खोक्यांपर्यंत एक पाळी पुरत असेल आणि त्यापुढे दुसरी सुरू करावी लागत असेल, तर पर्यवेक्षकाचा पगार एकदम उडी मारतो. सरळ गुणाकार ती उडी पकडत नाही.

काही विभागांना तर ते लागूच पडत नाही. लेखा किंवा मनुष्यबळ विभागाचा खर्च कोणत्याही एका मोजमापाबरोबर हलत नाही. तिथे मूळ बजेटशीच तुलना करावी. विक्री विभागात उलाढाल कमी झाली म्हणून बजेटही कमी करून दाखवले, तर ज्याची जबाबदारी उलाढालीचीच आहे त्याला पळवाट मिळते. आणि सरकारी कार्यालयात मंजूर अनुदान ही कायदेशीर मर्यादा असते. विधिमंडळाने मंजूर केलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च झाला तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ प्रमाणे तो पुन्हा विधिमंडळापुढे न्यावा लागतो. काम वाढले हे कारण तिथे पुनर्विनियोजनाच्या किंवा पुरवणी मागणीच्या प्रस्तावात लिहायचे. तक्त्यातले बजेट मात्र मंजूर आकड्याचेच राहते.

कोणतीही बाजू निवडली तरी शेरा आणि टक्केवारीचे रकाने दोन्हीकडे सारखेच चुकतात, म्हणून ते नीट बसवून घ्या. खर्चात बजेटपेक्षा कमी आकडा अनुकूल असतो, उत्पन्नात जास्त. पॅकिंग विभागालाही रद्दी पुठ्ठ्याच्या विक्रीचे थोडे उत्पन्न असते. तिथे १०,००० अपेक्षित असताना ८,००० आले आणि सगळ्या ओळींना एकच सूत्र लावले असेल, तर तक्ता त्याला अनुकूल म्हणेल. म्हणून प्रत्येक ओळीला खर्च की उत्पन्न अशी खूण द्यावी. खाली `B` रकान्यात उत्पन्नाला `R`, खर्चाला `E`, `C` मध्ये बजेट आणि `D` मध्ये प्रत्यक्ष आहे:

```
E2: =IF(B2="R", D2-C2, C2-D2)
F2: =IF(C2=0, "", E2/ABS(C2))
G2: =IF(ROUND(E2,0)=0, "–", IF(E2>0, "अनुकूल", "प्रतिकूल"))
```

अशा मांडणीत अधिक चिन्ह म्हणजे नेहमीच अनुकूल, ओळ कोणतीही असो. बजेट शून्य असलेल्या ओळीत टक्केवारी रिकामी राहते, कारण शून्याने भागता येत नाही. ती ओळ रुपयांवरूनच वाचायची. एकूण ओळीची टक्केवारी एकूण रकमांवरून काढावी. वरच्या टक्केवाऱ्यांची सरासरी घेऊन ती येत नाही. आणि लवचिक तक्त्यात छेद लवचिक बजेटचाच हवा. जुन्या तक्त्याची नक्कल करताना छेद मूळ बजेटचाच राहून जातो आणि मजुरीचे ७ टक्के ८ होऊन बसतात.

कोणत्या ओळीचे स्पष्टीकरण मागायचे, याची मर्यादा टक्के आणि रुपये दोन्हींत ठेवा. नुसत्या टक्क्यांवर ठेवली तर ८०० रुपयांच्या चहाचे १,२०० झाले की ५० टक्के प्रतिकूल म्हणून खुलासा मागितला जातो. नुसत्या रुपयांवर ठेवली तर छोट्या ओळींतली सततची गळती वर्षभर सुटते. या विभागासाठी मी ५ टक्के आणि १०,००० रुपये, दोन्ही ओलांडल्यावरच खुलासा असे ठेवेन, आणि छोट्या ओळींसाठी वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकत्रित तफावत वेगळी पाहीन. ही मर्यादा अनुकूल ओळींनाही लावली पाहिजे.

कारण या तक्त्यातला सर्वांत फसवा आकडा अनुकूलच आहे. यंत्रदुरुस्तीत २६,००० वाचले, ६५ टक्के अनुकूल, आणि दोन्ही पद्धतींत तेच दिसते. खोलात गेल्यावर कळते की पट्टी-यंत्राची दुरुस्ती २२ ऑक्टोबरला झाली, पण मेकॅनिकचे २४,००० चे बिल अजून आलेले नाही, म्हणून पुस्तकात खर्च पडला नाही. काम झाले तो महिना खर्चाचा धरून तरतूद केली की दुरुस्तीतली बचत २,००० वर येते आणि लवचिक बजेटशी एकूण तफावत १७,६०० अनुकूलवरून ६,४०० प्रतिकूल होते. बिल नोव्हेंबरमध्ये नोंदले तर ऑक्टोबर काटकसरीचा आणि नोव्हेंबर उधळपट्टीचा दिसेल. हा दोष बजेटच्या रकान्यात नाही, प्रत्यक्षच्या रकान्यात आहे, म्हणून बजेट कितीही लवचिक केले तरी तो जात नाही. महिनाअखेरीस स्टोअरमधली माल-आवक आणि सेवा पूर्ण झाल्याच्या पावत्या बिलांशी ताडून पाहिल्या, तरच तो सापडतो.

तुमचा विभाग पॅकिंग, डिस्पॅच, कँटीन किंवा मोजता येणाऱ्या कामाचा असेल, तर लवचिक बजेट घ्या. मात्र मूळ बजेटचा रकाना काढून टाकू नका, डावीकडे राहू द्या. संचालकांना महिन्याला ठरल्यापेक्षा किती पैसे जास्त लागले हे तोच रकाना सांगतो, आणि मधल्या १,०८,००० चे कारणही एका ओळीत देता येते: खोकी ६,००० जास्त. खोक्यामागचे १२, ५ आणि १ हे दर एप्रिलमध्येच विभागप्रमुख आणि लेखा विभाग दोघांच्या सहीने ठरवा आणि वर्षभर त्यांना हात लावू नका. महिना संपल्यावर दर ठरवायची मुभा राहिली, तर प्रत्येक महिना अनुकूल निघेल. पुठ्ठ्याचा भाव मध्येच खूप वाढला, तर दर न बदलता तफावतीतच दाखवा आणि खुलाशाच्या रकान्यात जुना भाव व नवा भाव दोन्ही लिहा.