आईच्या मेसेजवरून दुकानाच्या क्रमाने यादी: गणपतीपासून होळीपर्यंतचा अनुभव

आमच्या घरचं वाणसामान मी ऑफिसातून येताना आणतो. भांडुपला उतरलं की वाटेत सुपरमार्केट लागतं आणि पुढे गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्या मावशी बसतात. आई दुपारभर जसं आठवेल तसं लिहीत जाते आणि एक लांबलचक मेसेज येतो. गणपतीच्या आधीपासून मी त्या मेसेजची लोकलमध्येच विभागवार यादी करतो. त्यासाठी फोनमधल्या साध्या नोट्स पुरतात, फक्त पुढे खूण करायची चौकट हवी. होळी होऊन गेली तरी ही पद्धत टिकली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आईचा एक मेसेज असा होता:

"अरे, येताना साखर आण दोन किलो. कांदे दोन किलो, बटाटे एक किलो. चतुर्थीला साबुदाणा लागेल, अर्धा किलो आण आणि कुटाला शेंगदाणे अर्धा किलो. कोथिंबीर एक जुडी. दही घरचं नीट लागलं नाही, चारशे ग्रॅमचा डबा आण. रवा अर्धा किलो उपम्याला. हां, लसणीच्या चटणीला शेंगदाणे पाव किलो वेगळे. भांड्यांचा साबण. साखर एक किलोच आण, डब्यात निघाली थोडी. कोथिंबीर दोन आण, वड्या करू या. लाडवाला रवा अर्धा किलो. उपासाच्या भाजीला बटाटे अर्धा किलो जास्त. आणि दही विसरू नकोस."

पहिलं काम म्हणजे प्रत्येक उल्लेख वेगळ्या ओळीवर, आहे त्याच क्रमाने. इथे १५ ओळी होतात. या टप्प्यावर बेरीज अजिबात करायची नाही. मग एका नावाच्या ओळी शेजारी आणायच्या आणि दुसरा उल्लेख कशासाठी आलाय ते बघायचं. खरी मेहनत इथेच आहे.

शेंगदाण्यांचा दुसरा उल्लेख भर घालणारा आहे. काम वेगळं आणि "वेगळे" असं लिहिलंही आहे, म्हणून अर्धा अधिक पाव, पाऊण किलो. बटाट्यांचंही तसंच, दीड किलो. साखरेचा दुसरा उल्लेख मात्र पहिला रद्द करतो. डोळे मिटून बेरीज केली तर तीन किलो साखर घरी येईल, हवी आहे एक. दह्याचा दुसरा उल्लेख निव्वळ आठवण, डबा एकच. रव्याच्या दोन ओळी मात्र एक करायच्याच नाहीत. उपम्याला जाड आणि लाडवाला बारीक, म्हणजे ते दोन वेगळे जिन्नस आहेत. दिवाळीत पोह्यांचं हेच होतं: चिवड्याचे पातळ पोहे आणि कांदेपोह्यांचे जाड पोहे एका आकड्यात गेले की फराळाचा बेत फसलाच.

राहिली कोथिंबीर. "दोन आण" म्हणजे एकूण दोन, की आधीची एक धरून तीन? वड्यांना भरपूर लागते, रोजच्या आमटी-भाजीलाही लागतेच. वाक्यावरून ठरत नाही, मग अंदाज न करता लगेच विचारायचं: "कोथिंबीर एकूण दोन की तीन?" उत्तर आलं, "तीन आण रे, स्वस्त असेल तर." असा प्रश्न घाटकोपर यायच्या आत पाठवावा, म्हणजे दुकानात शिरेपर्यंत उत्तर आलेलं असतं.

आता ताळा. १५ उल्लेख, त्यातले पाच दुसऱ्या ओळीत मिसळले, म्हणजे दहा जिन्नस उरले पाहिजेत. नऊ निघाले तर काहीतरी गळलंय, बहुधा दोन्ही रवे एक झालेत. हा ताळा मी कधीच टाळत नाही, कारण पिशव्या घेऊन घरी पोचल्यावर साबण राहिला हे कळून काय उपयोग?

यानंतरच विभाग पाडायचे. आधी विभाग पाडले तर उपासाचे बटाटे साबुदाण्याशेजारी जातात आणि रोजचे भाजीत, मग दोघांची बेरीज राहून जाते. त्या दिवसाची यादी अशी झाली:

किराणा
साखर १ किलो
जाड रवा अर्धा किलो, उपमा
बारीक रवा अर्धा किलो, लाडू
शेंगदाणे पाऊण किलो, कूट अर्धा, चटणी पाव
साबुदाणा अर्धा किलो, चतुर्थी

साबण
भांड्यांचा साबण

फ्रिज
दही ४०० ग्रॅमचा १ डबा

भाजी
कांदे २ किलो
बटाटे दीड किलो
कोथिंबीर ३ जुड्या

विभागांचा क्रम माझ्या चालण्याचा आहे. आमच्या दुकानात डाळी-साखर दाराशी, साबण मागच्या भिंतीला आणि फ्रिज बिलाच्या काउंटरजवळ, म्हणून दही शेवटी. भाजी त्याच्याही नंतर, कारण दुकानात शिरताना हातातल्या पिशव्या बाहेर ठेवून टोकन घ्यावं लागतं. भाजीला वेगळी कापडी पिशवी, खाली कांदे-बटाटे आणि वर कोथिंबीर. राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून पिशव्या घरूनच न्यायच्या असतात. साबणासाठी मी तिसरी पिशवी बॅगेत कायमच ठेवतो, रव्याला साबणाचा वास लागलेला मला खपत नाही.

जिन्नसासमोर काम लिहिणं हा या पद्धतीतला मला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. बेरीज केली की कारण पुसलं जातं आणि दुकानात माल कमी निघाला की नेमकं तेच कारण लागतं. शेंगदाण्याचं अर्ध्या किलोचं एकच पाकीट उरलं असेल, तर मी तेवढंच घेतो. चतुर्थीचा दिवस ठरलेला आहे, चटणी दोन दिवसांनी झाली तरी चालते. बारीक रवा नसेल तर जाड उचलत नाही, लाडू पुढे ढकलतो. पाऊण किलोचं पाकीट सहसा नसतंच, तेव्हा अर्ध्याची दोन घ्यायची की सुटे घ्यायचे हे ऋतू बघून ठरवतो. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत दाणे लवकर मऊ पडतात, खवट होतात आणि रव्यात किडे होतात. तेव्हा हवं तेवढंच आणतो.

एक अडचण उरलीच आहे. आई आणि बायको, दोघींचे वेगवेगळे मेसेज आले की नियम बदलतो. एकाच माणसाने नवं काम सांगून जिन्नस पुन्हा लिहिला तर ती बहुधा भर असते. पण दोघींनी नुसतं "तूप" लिहिलं असेल, तर दोघींनी तीच रिकामी बरणी बघितलेली असते. तिथे मी एकच धरतो, पण दोघींना एकत्र विचारून. त्यामुळे बायको हल्ली मुद्दाम "तूप, बेसनाच्या लाडवाला" असं लिहिते आणि माझं निम्मं काम तीच करून टाकते.

विभागांचा क्रम फक्त नेहमीच्या दुकानात उपयोगाचा. दिवाळीच्या आधी आमच्या सुपरमार्केटने सगळी मांडणी हलवली, तेव्हा नव्याने एक फेरी मारून क्रम बदलून घ्यावा लागला. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तर क्रमाची गरजच नाही, माल तोच काढून देतो. बेरीज मात्र तिथे जास्तच लागते. आपण सांगू तसं तो कागदावर लिहीत जातो, आणि शेंगदाणे दोनदा सांगितले तर अर्ध्याची पुडी बांधून झाल्यावर पावाची दुसरी बांधतो. गर्दीच्या वेळी मागे माणसं उभी असताना त्याला एकदाच "पाऊण किलो" सांगितलेलं बरं.