दिवाळी पॅकेज: एक शुभेच्छा की सहा पोस्ट?
दुकानांच्या सोशल मीडियासाठी मी दिवाळीच्या शुभेच्छांची डिझाइन करते, त्याची दोन पॅकेजेस आहेत. पहिलं पॅकेज ५०० रुपयांचं. एकच शुभेच्छापत्र, पण चौकोनी पोस्ट आणि उभं स्टेटस अशा दोन्ही मापांत. दुसरं २,००० रुपयांचं, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सहा पोस्ट.

कोल्हापुरातल्या गुजरीतल्या सराफाला मी दुसरं पॅकेजच घ्यायला सांगेन. सोनं धनत्रयोदशीला आणि पाडव्याला घेतलं जातं, त्या पोस्टवर दागिन्याचा फोटो आणि दुकानाची वेळ हवीच. लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानाला मात्र पहिलं पुरतं, उगाच खर्च कशाला? फराळाचं सामान लोक आधीच नेतात, म्हणून शुभेच्छापत्र दिवाळीच्या आठवडाभर आधी लावा.

दोन्हींसाठी लोगोची मूळ फाइल द्या; पाटीचा फोटो मोठा केला की अक्षरं फुटतात. तयार डिझाइन मी व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवते. फोटो म्हणून पाठवलं तर बारीक फोन नंबर धूसर होतो.