प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष? दोन ठिकाणचे मृत्युदर तोलताना

सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीच्या, म्हणजे एसआरएसच्या, २०२० च्या आकड्यांत केरळचा क्रूड, म्हणजे वय न पाहता काढलेला, मृत्युदर हजारी ७.० आहे आणि बिहारचा ५.४. म्हणून कुणी केरळ सोडून बिहारला राहायला जाणार नाही. केरळात म्हातारी माणसं जास्त, त्यामुळे आकडा चढतो. असाइनमेंट करणाऱ्याला हे माहीत असतं. गाडी अडते ती पुढे: वयाचा परिणाम काढून टाकायचा तो प्रत्यक्ष पद्धतीने की अप्रत्यक्ष? प्रत्यक्ष पद्धतीत दोन्ही ठिकाणचे वयवार दर एकाच ठरवलेल्या वयरचनेला, म्हणजे प्रमाण लोकसंख्येला, लावायचे. अप्रत्यक्षमध्ये उलटं: बाहेरचे वयवार दर त्या ठिकाणच्या लोकसंख्येला लावून किती मृत्यू अपेक्षित होते ते पाहायचं.

मी दोन्ही करून पाहिल्या. सुरुवातीला माझा ओढा अप्रत्यक्षकडे होता, आणि खरं सांगायचं तर आळसापोटी. तिला प्रत्येक ठिकाणची वयोगटवार लोकसंख्या आणि एकूण मृत्यू एवढंच पुरतं, वयवार दर बाहेरून आणायचे. प्रत्यक्ष पद्धतीला मात्र दोन्ही ठिकाणच्या मृत्यूंची वयं हवीत. माझ्या यादीत ‘वय नमूद नाही’ अशा नोंदी निघाल्या आणि त्यांचं काय करायचं यातच एक संध्याकाळ गेली.

तरीही अप्रत्यक्ष पद्धत मी सोडली, ती एका गोष्टीमुळे. आकडे सोपे करून सांगतो. ते गृहीत धरलेले आहेत.

‘अ’ आणि ‘ब’ ही दहा-दहा हजार वस्तीची दोन गावं. दोन्हीकडे साठीच्या आतल्यांचा मृत्युदर हजारी ४ आणि साठीपुढच्यांचा हजारी ४०, म्हणजे प्रत्येक वयात धोका अगदी सारखा. फरक एवढाच की ‘अ’मध्ये साठीपुढचे १,००० आहेत आणि ‘ब’मध्ये ३,०००. मृत्यू होतात ‘अ’मध्ये ७६ आणि ‘ब’मध्ये १४८. क्रूड दर ७.६ आणि १४.८, जवळजवळ दुप्पट.

आता अप्रत्यक्ष पद्धत. बाहेरून आणलेले प्रमाण दर धरू हजारी २ आणि ४०. त्या दरांनी ‘अ’मध्ये १८ + ४० = ५८ मृत्यू अपेक्षित आणि ‘ब’मध्ये १४ + १२० = १३४. झालेल्या मृत्यूंना अपेक्षितांनी भागून शंभराने गुणलं की एसएमआर मिळतो: ‘अ’चा १३१, ‘ब’चा ११०. धोका तंतोतंत सारखा, तरी ‘अ’ वाईट दिसतं! कारण प्रत्येक गावाचा एसएमआर त्याच गावाच्या वयरचनेने तोलला जातो. ‘अ’ तरुण, त्यामुळे तरुणांमधला प्रमाणाच्या दुप्पट दर तिथे जास्त उठून दिसतो. दोघांच्या हातात तराजू वेगवेगळा, आणि वजनं शेजारी लिहून आपण तुलना करतो.

प्रत्यक्ष पद्धतीत तराजू एकच. प्रमाण लोकसंख्येत साठीच्या आतले ८५ टक्के आणि पुढचे १५ टक्के धरले, तर दोन्ही गावांचा दर ४ × ०.८५ + ४० × ०.१५ = ९.४ येतो. शीटमध्ये B स्तंभात दर आणि C मध्ये प्रमाण लोकसंख्या असली की एका ओळीत काम होतं:

```
=SUMPRODUCT(B2:B3,C2:C3)/SUM(C2:C3)
```

मात्र दोन्ही स्तंभांतले वयोगट तेच आहेत ना, हे डोळ्यांनी तपासा. मृत्यूंची यादी ‘८०+’ला थांबते आणि प्रमाण लोकसंख्या ‘१००+’पर्यंत जाते, असं होतं. तिथे ओळी सरकल्या तरी सूत्र गुपचूप उत्तर देतं.

अप्रत्यक्ष पद्धत टाकाऊ आहे असं नाही. एखाद्या वाडीत पंच्याऐंशीपुढची चाळीसच माणसं असतील, तर दोन मृत्यूंना दर हजारी ५० येतो आणि तिसऱ्याला ७५. असा डळमळीत दर प्रमाण लोकसंख्येच्या वजनाने गुणला की सगळं उत्तर हलतं. अशा वेळी एसएमआरच बरा, पण त्या वाडीची तुलना प्रमाणाशी करायची, शेजारच्या वाडीच्या एसएमआरशी नाही. अगदी दोघांचीच तुलना हवी असेल, तर ‘ब’चे वयवार दर प्रमाण म्हणून ‘अ’ला लावा. वरच्या उदाहरणात मग एसएमआर १०० येतो, जो यायलाच हवा.

दोन्हीकडे वयवार मृत्यू मिळत असतील आणि आकडे फार तुटपुंजे नसतील, तर मी तरी प्रत्यक्षच करीन. तिलाही एक खोड आहे. एका ठिकाणी मुलं जास्त दगावतात आणि दुसरीकडे म्हातारी, असं असेल तर प्रमाण लोकसंख्या बदलल्यावर क्रमही उलटू शकतो. म्हणून वयवार दरांचा तक्ता उत्तरासोबत जोडा आणि कोणती प्रमाण लोकसंख्या घेतली तेही लिहा.

निष्कर्षात ‘अ’चा मृत्युदर ९.४ आहे, असं लिहू नका. माझे तिथेच गुण गेले. ‘अ’ची वयरचना प्रमाण लोकसंख्येसारखी असती तर दर हजारी ९.४ असता, असं लिहा. ‘अ’मध्ये वर्षाला मृत्यूचे किती दाखले लागतील हे विचारलं, तर उत्तर ७६ च.