राहून गेलेली नोंद: तशीच सोडावी, गिरवून नीट करावी की उशिरा म्हणून लिहावी?

सकाळचे साडेसहा. नाईट ड्युटी संपत आली आहे आणि सिस्टर रात्रीतून पहिल्यांदाच खुर्चीत टेकल्या आहेत. पोटाच्या ऑपरेशननंतरचा एक पेशंट मध्यरात्रीनंतर बिघडला आणि ३:१० ला त्याला पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं. अकरा वाजताचा बीपी १२४/७८ आणि पल्स ८४ चार्टवर आहे. त्यानंतर धावपळीत नर्सेस नोट्समध्ये एकच ओळ उतरली: "१:०० – पेशंट ठीक. डॉक्टरांना कळवले." इनटेक-आउटपुट चार्टवर ड्रेनच्या रकान्यात ८० मिली लिहिलंय. बाटलीत प्रत्यक्षात १८० होतं.

प्रत्यक्षात सिस्टरांनी काम चोख केलं होतं. १:१५ ला बीपी १०४/६६, पल्स १०८, दोन तासांची लघवी ३५ मिली आणि ड्रेनमध्ये लालभडक रक्त, हे सगळं त्यांनी टिपलं, पण टिपलं ते हातातल्या चिठ्ठीवर. पेशंटचं वजन ६० किलो, म्हणजे ताशी दर किलोला अर्धा मिली या हिशेबाने दोन तासांत निदान ६० मिली लघवी हवी होती. हे ओळखून त्यांनी १:२० ला फोन केला, ऑर्डर घेतली, १:२५ ला सलाईन लावलं, १:४० ला पुन्हा फोन केला. १:५५ ला डॉक्टर आले. केसपेपरवर यातलं काहीच नाही.

आता त्यांच्यासमोर चार वाटा आहेत. आहे तसं सोडून द्यायचं. एकच्या ओळीशेजारी उरलेल्या जागेत बारीक अक्षरात बाकीचं कोंबायचं. ८० चं १८० करायचं. किंवा आत्ताची वेळ टाकून "उशिरा केलेली नोंद" असं उघड लिहायचं. मी वॉर्ड सांभाळत असताना या चारही वाटांनी गेलेले कागद पाहिले आहेत. त्यांतला फरक वॉर्डात कळत नाही. काही वर्षांनी कुणी वकील किंवा चौकशी समिती तोच कागद हातात धरते, तेव्हा कळतो.

तशीच सोडली तर

ही वाट सर्वांत निरुपद्रवी वाटते, कारण इथे खोटं काहीच लिहिलेलं नसतं. पण त्या एका ओळीकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहा. पेशंट ठीक होता तर डॉक्टरांना कशासाठी कळवलं? कळवलं तर कोणाला, किती वाजता, नेमकं काय सांगितलं आणि समोरून काय उत्तर आलं? मोघम नोंदीचा धोका हाच की ती दोन्ही बाजूंनी वाचता येते. "मला फक्त झोपेच्या गोळीबद्दल विचारलं होतं, रक्ताचं कोणी बोललंच नाही," असं डॉक्टर पुढे म्हणाले, तर ही ओळ सिस्टरांच्या बाजूने एक शब्दही बोलत नाही.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून ऐकवलं जातं की लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. कायद्याच्या भाषेत हे तंतोतंत खरं नाही, कारण तोंडी साक्षही पुरावा असते. पण तोपर्यंत सिस्टरांनी शेकडो रात्री काढलेल्या असतात आणि पेशंटच्या घरच्यांच्या आयुष्यात ती एकच रात्र असते. कोणाची आठवण पक्की वाटेल, हे सांगायला नको. म्हणून त्या वेळी, रोजच्या कामाच्या ओघात लिहिलेल्या कागदाला वजन येतं. कागद गप्प असेल, तर बिघाड लक्षातच आला नव्हता असा निष्कर्ष काढायला वाव मिळतो.

उरलेल्या जागेत कोंबली तर

इथे माहिती खरी असते, पण वेळ खोटी असते. साडेसहाला लिहिलेलं १:१५ ला लिहिल्यासारखं दाखवलं जातं. अक्षर दाटलेलं, ओळ समासात चढलेली, पेनाचा रंग जरा वेगळा, हे साध्या डोळ्यांनाही दिसतं. दस्तऐवज तज्ज्ञ त्याहून पुढे जातात. इन्फ्रारेड प्रकाशात दोन शाया वेगळ्या दिसू शकतात आणि तिरक्या प्रकाशात खालच्या पानावर उमटलेले दाब वाचता येतात, त्यामुळे कोणती ओळ आधीची आणि कोणती नंतरची, याचा माग लागू शकतो.

बऱ्याचदा एवढ्या तपासाची गरजच पडत नाही. थिएटरमध्ये नेताना फाईल सोबत गेली, तिथे पानाची झेरॉक्स निघाली किंवा नातेवाइकांनी मोबाईलवर फोटो काढला. पहिल्या प्रतीत एक ओळ आणि नंतरच्या प्रतीत चार ओळी, एवढं पुरेसं होतं.

संगणकावरच्या नोंदींत तर लपवायला जागाच नाही. सिस्टीम दोन वेळा ठेवते: घटना घडली म्हणून तुम्ही भरलेली वेळ आणि प्रत्यक्ष टाईप केल्याची वेळ. कोणत्या लॉगिनने, काय पुसलं, काय बदललं, हे ऑडिट ट्रेलमध्ये राहतं. पडद्यावर दिसत नाही म्हणून ते नाहीसं झालं असं समजू नका.

८० चं १८० केलं तर

मला सर्वांत जास्त भीती या वाटेची वाटते, कारण हात इथे अगदी सहज जातो. आकड्याच्या पुढे फक्त एक उभी रेघ. आणि १८० हाच खरा आकडा आहे! पण वाचणाऱ्याला त्यातला प्रामाणिकपणा दिसत नाही, त्याला बदललेला आकडा दिसतो. तोही नेमका वादाच्या मुळाशी असलेला आकडा. रकान्यात मावत नाही म्हणून एक जरा तिरपा, जरा लहान. खालची चोवीस तासांची बेरीज मात्र आधीच्याच हिशेबाची, शंभरने कमी.

यानंतर प्रश्न निष्काळजीपणाचा राहत नाही, प्रामाणिकपणाचा होतो. एक आकडा बदललेला निघाला की त्याच हाताने लिहिलेली बाकीची पानंही संशयाखाली येतात, मग ती कितीही अचूक असोत. रेकॉर्डमध्ये फेरफार हा कितीतरी ठिकाणी स्वतंत्र गुन्हा आहे आणि नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही त्यात पणाला लागतं. उपचारात चूक झालीच नव्हती, तरी हे घडतं. व्हाइटनर, खोडरबर आणि पान फाडून नवीन लिहिणं यांचा हिशेब याच खात्यात धरा.

दुरुस्तीची रीत साधी आहे. ८० वर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता येईल. शेजारी १८०, दुरुस्तीची तारीख आणि वेळ, सही आणि दोन शब्दांत कारण: "आकडा चुकीचा लिहिला गेला." नुसतं "चूक" लिहू नका. पुढे वाचणाऱ्याला ती चूक उपचारातली वाटू शकते. बेरीजही त्याच पद्धतीने दुरुस्त करा. कागद थोडा कमी देखणा होतो, पण आधी काय होतं, नंतर काय झालं आणि कोणी केलं, हे तिन्ही त्यावर राहतं.

उशिराची नोंद उघडपणे केली तर

ती अशी दिसेल. आजची तारीख, पुढच्या मोकळ्या ओळीवर:

> ०६:४० – उशिरा केलेली नोंद, ०१:१५ ते ०३:१० या काळासाठी. पेशंटजवळ सतत थांबावे लागल्याने त्या वेळी लिहिता आले नाही. वेळा व आकडे तेव्हा टिपलेल्या चिठ्ठीवरून. ०१:१५ – बीपी १०४/६६, पल्स १०८, मागील दोन तासांत लघवी ३५ मिली, ड्रेनमध्ये १८० मिली लालभडक रक्त. ०१:२० – ऑन-कॉल डॉक्टरांना (पूर्ण नाव) फोनवर वरील सर्व सांगितले. तोंडी ऑर्डर: रिंगर लॅक्टेट ५०० मिली जलद, १५ मिनिटांनी बीपी. ऑर्डर परत म्हणून दाखवून खात्री केली. ०१:२५ – सलाईन सुरू. ०१:४० – बीपी ९६/५८, पल्स ११८, हातपाय गार. त्याच डॉक्टरांना दुसरा फोन, लगेच येण्याची विनंती. ०१:५५ – डॉक्टर पेशंटजवळ. ०३:१० – थिएटरमध्ये रवाना. सही, पूर्ण नाव, हुद्दा.

एकची जुनी ओळ जागच्या जागी राहते. तिला हात लावायचा नाही. नव्या नोंदीत "पेशंट गंभीर दिसत होता" असं मतही नाही. वाचणारा आकड्यांवरूनच ते समजतो.

या वाटेची किंमतही मान्य करायला हवी. उशिरा म्हटल्यावर प्रश्न येणारच: पाच तासांनंतर १:४० ची पल्स आठवली कशी? त्याचं उत्तर नोंदीतच आहे, चिठ्ठी. आकडे मॉनिटरच्या मेमरीतून घेतले असतील तर तसं लिहा. वेळ नक्की आठवत नसेल तर "सुमारे" लिहा. १:५५ नंतरचा एखादा बीपी घेतलाच नसेल तर रकाना शोभेल अशा आकड्याने भरू नका, "नोंद घेतली गेली नाही" असं लिहा. रिकामी जागा समजावून सांगता येते. एकदा बनवलेला आकडा सापडला की त्याचं काही समर्थन उरत नाही.

जितका उशीर, तितकं नोंदीचं वजन कमी. त्याच ड्युटीत लिहिलेलीला फारसं कोणी अडवत नाही. दुसऱ्या दिवशीची चालते, कारण दिलं तर. पण पेशंट दगावल्यावर, तक्रार आल्यावर किंवा फाईल मागितली गेल्यावर लिहिलेली नोंद, तिच्यातला शब्द न् शब्द खरा असला तरी, स्वतःला वाचवायला लिहिलेली वाटते. तिथे मी ही वाट सुचवणार नाही. अशा वेळी फाईलला हात न लावता आधी इन्चार्ज सिस्टर आणि प्रशासनाला सांगावं. तुमच्या आठवणीतला घटनाक्रम स्वतंत्र निवेदन म्हणून द्यायचा का आणि कसा, हे त्यांच्या आणि वकिलाच्या सल्ल्याने ठरावं.

आपल्या सिस्टरांच्या बाबतीत अजून ड्युटी चालू आहे, चिठ्ठी खिशात आहे आणि तक्रार आलेली नाही. म्हणून ड्रेनच्या आकड्यावर एक रेघ आणि नोट्समध्ये उशिराची नोंद, माझं उत्तर एवढंच. चिठ्ठीचं काय करायचं ते हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे इन्चार्जना विचारावं, कचऱ्यात टाकू नये. आणि सातच्या हँडओव्हरला दिवसपाळीच्या सिस्टरांना ते पान उघडून दाखवावं, कारण पेशंट थिएटरमधून परतल्यावर ड्रेन पुन्हा मोजला जाणार आहे आणि तेव्हा तुलना १८० शी व्हायला हवी, ८० शी नाही.