२४ व्होल्टच्या जोडीतली एक ट्यूब्युलर बॅटरी गेली: सव्वा वर्षाच्या वापराचा आणि वॉरंटी क्लेमचा अनुभव

नागपूरच्या नंदनवन भागात माझी अभ्यासिका आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिथं १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून २४ व्होल्टचा इन्व्हर्टर बसवला. पहिला उन्हाळा आणि पावसाळा या जोडीनं छान काढला. वादळ आलं की इकडे वीज तासन्‌तास जाते, तरी सगळे पंखे आणि ट्यूबलाइट बिनतक्रार चालायचे. डिस्टिल्ड वॉटर दोन-अडीच महिन्यांतून एकदा टाकावं लागायचं. त्यामुळे बॅकअपबद्दल माझं मत चांगलंच आहे. पुढचं सगळं यंदाच्या मे महिन्याबद्दल आहे. तेव्हा वीज गेल्यावर दहा मिनिटांतच इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून बोंबलायला लागला.

दुकानदारानं येऊन एका बॅटरीला हात लावला. ती गरम होती. म्हणाला, "भाऊ, तुमचा इन्व्हर्टरच जास्त चार्ज करून राहिला. कंपनी काही देणार नाही." ट्यूब्युलर बॅटरीचा क्लेम बहुतेक वेळा याच वाक्यावर अडतो. आपल्याकडे त्याला उत्तर असेल तर ते दोन बॅटऱ्यांच्या मिळून बारा सेलच्या रीडिंगमध्येच असतं. म्हणून मी क्लेम नोंदवण्याआधी एक दिवस रीडिंग आणि फोटो घेण्यात घालवला. हा अनुभव मुख्यतः त्याच दिवसाचा आहे.

सुरुवात सीरियल नंबरपासून केली. झाकणावर कोरलेला नंबर, वॉरंटी कार्डावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर असे तिन्ही समोर ठेवून एकेक अक्षर जुळवलं. जोडी घेतली की बिलावर एकाच बॅटरीचा नंबर लिहिला जातो, किंवा दोन कार्डांची अदलाबदल होते, असं नेहमी घडतं. शिवाय O आणि शून्य यांत घोळ होतो. ऑनलाइन नोंदणी करताना चुकीचं अक्षर पडलं तर क्लेमच्या वेळी ती बॅटरी 'सापडत नाही'. चिकटवलेलं लेबल ॲसिडच्या वाफेनं वर्षभरात फिकं पडतं. त्यामुळे फोटो कोरलेल्या नंबरचाच घ्यावा, आणि टॉर्च बाजूनं तिरपी धरावी म्हणजे अक्षरं सावलीनं उठून दिसतात.

मग रीडिंग. रात्रभर पूर्ण चार्ज करून, सकाळी इन्व्हर्टर बंद करून तारा काढल्या आणि काही तास बॅटऱ्या तशाच राहू दिल्या. चार्ज चालू असताना किंवा नुकतंच पाणी टाकलेलं असताना ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरवर दिसणारी ॲसिडची घनता, घेऊ नये. ताजं पाणी वरच राहतं आणि रीडिंग खोटं कमी येतं. चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच व्हेंट प्लग उघडायचे, आणि ज्या सेलमधून ॲसिड ओढलं त्याच सेलमध्ये परत सोडायचं. प्लसकडून एक ते सहा असे सेलना नंबर दिले. दर सेलचा फोटो काढताना हायड्रोमीटरच्या मागं पांढरा कागद धरला. कागदावर बॅटरीच्या सीरियलचे शेवटचे चार आकडे, सेल नंबर आणि तारीख. कागद नसेल तर सगळे हायड्रोमीटर सारखेच दिसतात आणि कुठलं रीडिंग कुठल्या सेलचं हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिल्या बॅटरीचं मल्टिमीटरवर १२.५ व्होल्ट आणि सहाही सेलची ग्रॅव्हिटी १.२३० च्या आसपास. दुसरीचं १०.७ व्होल्ट. तिचे पाच सेल १.२२५ ते १.२३०, पण चौथा १.११०. त्या दिवशी ॲसिडचं तापमान ४१ अंश होतं, तेही मी लिहून ठेवलं. आपल्याकडे ग्रॅव्हिटी २७ अंशाला धरतात आणि त्याच्या वर दर १० अंशांना ०.००७ मिळवायचं असतं. म्हणजे माझं १.२३० हे खरं तर १.२४० होतं. नागपूरच्या मे महिन्यात ही दुरुस्ती केली नाही, तर ठणठणीत बॅटरीसुद्धा अर्धवट चार्ज झाल्यासारखी वाटते आणि 'तुम्ही नीट चार्जच करत नाही' हे ऐकावं लागतं.

कारणाच्या रकान्यात 'उत्पादनातला दोष' असं मी लिहिलं नाही. ते ठरवणं त्यांच्या तपासणीचं काम. मी जे लिहिलं ते असं:

"बॅटरी २, सेल ४ मध्ये अंतर्गत शॉर्ट असावा असा अंदाज. दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये असल्यामुळे बाराही सेलमधून सारखाच करंट गेला आहे. ११ सेलची ग्रॅव्हिटी एकसारखी, एकाचीच घसरलेली. बाराही सेलमध्ये पाण्याची पातळी खुणेच्या आत. बाहेरून फूग किंवा तडा नाही."

दुकानदाराच्या वाक्याला उत्तर यातच आहे. इन्व्हर्टर जास्त चार्ज करत असता, तर पाणी सगळीकडेच झपाट्यानं उतरलं असतं आणि दोन्ही बॅटऱ्या सोबतच आजारी पडल्या असत्या. बॅटरी गरम का झाली तेही याच आकड्यांतून कळतं. एक सेल शॉर्ट झाला तरी चार्जर जोडीला २७.६ व्होल्टच देत राहतो. तो बारा सेलमध्ये वाटला तर प्रत्येकाला २.३ येतो, अकरांतच वाटला तर २.५. म्हणजे उरलेले चांगले सेल उकळायला लागतात. म्हणूनच असं रीडिंग आल्यावर जोडी तशीच चालवत राहू नये. धडधाकट बॅटरीही खराब होते, आणि मग तिचं पाणी उतरलेलं पाहून 'ओव्हरचार्ज' हे कारण खरंच लागू होतं.

बाकीचे फोटो कमीच घेतले. तारा काढण्याआधी पूर्ण जोडणीचा एक, बॅटरीच्या चारही बाजूंचे, टर्मिनलवरची पांढरी बुरशी पुसण्याआधीचा एक, आणि मल्टिमीटरचा आकडा व कोरलेला सीरियल एकाच चौकटीत येईल असा एक. हा शेवटचा फोटो सगळ्यात कामाचा ठरला. पाणी टाकल्याच्या तारखांचा दारामागचा कागद आणि डिस्टिल्ड वॉटरची बिलंही जोडली. व्हॉट्सॲपवर पाठवताना सगळं 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं, नाहीतर फोटो आकसतो आणि हायड्रोमीटरच्या रेघा वाचताच येत नाहीत.

सर्व्हिस सेंटरनं बॅटरी नेली, स्वतः चार्ज करून लोड टेस्ट घेतली आणि चौथा सेल मृत असल्याचं लिहून दिलं. तपासायला आलेला मुलगा म्हणाला, "सेलचे नंबर टाकून कोणी देतच नाही हो." त्यानं आधी थेट चौथाच सेल तपासला.

क्लेमच्या मर्यादाही सांगतो. प्लेटा उघड्या पडेपर्यंत पाणी उतरलेलं असेल, डबा फुगलेला असेल किंवा कोणी वरून ॲसिड टाकलेलं असेल, तर फोटो कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. शॉर्ट प्लेटांमधला पडदा फाटून झाला की तळाशी साचलेल्या गाळानं, हे बाहेरून कळत नाही. ते पाहायला बॅटरी उघडली तर क्लेमच जातो.

बदलून फक्त एकच बॅटरी मिळाली. तिची वॉरंटी नव्यानं सुरू होत नाही. जुन्या बिलाच्या तारखेपासूनचे ३६ महिने, त्यातले उरतील तेवढेच. म्हणून नवा सीरियल जुन्या कार्डावर सही-शिक्क्यासह लिहून घेतला आणि ऑनलाइन नोंदही बदलून घेतली. नवी-जुनी जोडी सिरीजमध्ये थोडी विषम राहणारच. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून मगच जोडल्या, आणि आता महिन्याला बाराही सेलची ग्रॅव्हिटी घेतो. सध्या जुनी १.२३५ आणि नवी १.२४० दाखवते. वीज गेल्यावर सगळे पंखे पुन्हा अडीच तास चालतात.